वार पडेपर्यंत

पहिल्या बाळंतपणासाठी मी कामठीला माहेरी आले होते. मे महिना होता. सासर नागपुरात नंदनवनला, नवरा तिथल्याच महाल भागातल्या एका छापखान्यात कामाला. तो रविवारी यायचा, कूलरमध्ये पाणी भरून द्यायचा आणि संध्याकाळच्या बसने परत जायचा. मी स्वतः चष्म्याच्या दुकानात नोकरी करायचे. सातवा महिना संपेपर्यंत काउंटरला उभी राहून लोकांना फ्रेमा दाखवल्या आणि घरी आल्यावर मोबाईलवर बाळंतपणाचे व्हिडिओ पाहिले. त्या सगळ्या व्हिडिओंत बाळ रडलं की घरचे हसायचे आणि व्हिडिओ संपायचा. त्यामुळे बाळंतपण तिथंच संपतं असं मी धरून चालले होते.

कळा सुरू झाल्या त्या संध्याकाळी मी कणीक मळत होते. कंबरेतून काहीतरी आवळत पोटापर्यंत आलं आणि सुटलं. बऱ्याच वेळाने पुन्हा तसंच झालं. आईला सांगितलं तर तिने माझ्या हातून परात घेतली आणि म्हणाली, "जेवून घे अन् पड जराशी. आत्ताच कुठं काही होत नाही."

रात्रभर कळा आल्या आणि गेल्या. कधी लागोपाठ दोन यायच्या, कधी इतका वेळ काहीच नाही की माझा डोळा लागायचा. आई मात्र झोपली नाही. जाग आली की ती मला उशाशी बसलेली दिसायची. सकाळी लालसर, चिकट काहीतरी अंगावरून गेलं. ते पाहून आईने ओढणी डोक्यावर घेतली आणि शेजारच्या काकांना रिक्षा काढायला सांगितली.

नागपुरातल्या ज्या हॉस्पिटलात माझं नाव घातलं होतं, तिथल्या डॉक्टर माझ्यापेक्षा दोनचार वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी तपासलं, हातमोजे काढले आणि म्हणाल्या, "दोन सेंटिमीटर. गर्भपिशवीचं तोंड मऊ झालंय, पातळ व्हायला लागलंय. पण पहिलटकरणीचं हे सुरुवातीचं काम फार हळू चालतं. आधी तोंड पातळ होतं, मग उघडतं. पूर्ण दहा सेंटिमीटर उघडल्याशिवाय बाळ बाहेर येत नाही. घर जवळ असतं तर मी तुम्हाला परत पाठवलं असतं."

"कामठी," आई म्हणाली.

"मग थांबा इथंच. फिरवा तिला. खायला द्या, पाणी द्या."

माझं तोंड उतरलं. अख्खी रात्र जाऊन फक्त दोन. मी नवऱ्याला फोन केला आणि दोनच झालंय असं सांगितलं. त्याला त्याचा अर्थ कळला नाही, पण तो निघाला.

प्रसूतिकक्षाच्या बाहेर लांब व्हरांडा होता. एका टोकाला मोठा कूलर घरघरायचा, दुसऱ्या टोकाला ऊन भिंतीपर्यंत आलेलं. मी कूलरकडे जायचे, उन्हाकडे यायचे. कळ आली की भिंतीवर हात टेकून उभी राहायचे आणि आई मुठीने माझी कंबर रगडायची. नवरा आला तेव्हा मी त्याच्याशी नीट बोलू शकत होते. त्याने आणलेलं केळंही खाल्लं. दुपार झाली तशी मात्र कळांची चाल बदलली. आता त्या नेमाने यायला लागल्या, दर थोड्या मिनिटांनी, आणि प्रत्येक कळ आधीच्या कळेपेक्षा लांब. नवरा काहीतरी विचारायचा आणि माझ्याकडून उत्तर जायचं नाही. मला त्याचा राग आला नव्हता. कळ चालू असताना दुसऱ्या कशालाच जागा नसायची, एवढंच.

पुन्हा तपासलं तेव्हा पाच झालं होतं. "आता खरी सुरुवात," डॉक्टर म्हणाल्या, आणि मला आत घेतलं. सोबतीला एक बाई चालते असा तिथला नियम होता. नवऱ्याने सामानाची पिशवी आईच्या हातात दिली आणि दारातच राहिला.

आत एक वयस्कर सिस्टर होत्या. मोजकं बोलायच्या. मधूनमधून पोटावर यंत्र टेकवून बाळाचे ठोके ऐकवायच्या. धावत्या घोड्यासारखा तो आवाज खोलीभर व्हायचा. मला त्याने धीर यायचा. आई मात्र तो ऐकताना मान खाली घालून उभी असायची.

आईचं वागणं त्या दिवशी मला विचित्रच वाटत होतं. माझी आई बोलकी बाई. दवाखान्यात कुणी भेटलं तर गाव, सासर, लेकरं सगळं विचारून मोकळी होते. त्या दिवशी ती कुणाशी बोलली नाही. फक्त सिस्टर काही सामान ट्रेमध्ये मांडायला लागल्या की ती मान वळवून बघायची. आणि मला सारखं म्हणायची, "जोर दे वं थोडा. लवकर सुटका होईल."

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "अजून नाही."

कुठल्यातरी एका कळेत आतून फट्कन काहीतरी सुटलं आणि मांड्यांवरून गरम पाणी वाहिलं. मी घाबरले. सिस्टरने खाली पांढरं फडकं धरून बघितलं. "पाणमोट फुटली. पाणी स्वच्छ आहे, हिरवं नाही. चांगलं आहे." त्यांनी लगेच ठोके ऐकले. घोडा धावतच होता.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. कळ ओसरते न ओसरते तोच दुसरी यायची. पाय लटलट कापायला लागले, मे महिन्यात मला थंडी वाजत होती. नवऱ्याने आणलेलं केळं उलटून पडलं. मी डॉक्टरांना म्हटलं, "माझं सीझर करून टाका. मला नाही होणार." आणखी काहीबाही बोलले असेन. डॉक्टरांनी तपासलं.

"आठ झालंय. पहिलटकरणीचं आठ म्हणजे बरंच झालं. सगळ्यात अवघड भाग हाच असतो. आणि हा फार लांबत नाही."

पण नेमकं तेव्हाच खाली दाब यायला लागला. शौचाला लागावं तसा, आणि अनावर. माझं अंग आपोआप जोर करायला निघालं.

"दे, दे जोर," आई म्हणाली.

"मावशी," सिस्टर आईकडे वळल्या. "तोंड पूर्ण उघडलं नाही अजून. आत्ता जोर दिला तर त्या तोंडावर सूज येईल, अन् मग उघडायलाच उशीर होईल. कायले तिची ताकद वाया घालवता?" मग मला डाव्या कुशीवर वळवून म्हणाल्या, "फुंकर मार. मेणबत्ती विझवतात तशी. छोटी छोटी."

मी फुंकर मारत राहिले. आईने माझा हात धरला होता. तिचं लक्ष मात्र सिस्टरच्या ट्रेकडे होतं.

"दहा," डॉक्टर एकदाच्या म्हणाल्या. "आता तुझी पाळी. कळ आली की हनुवटी छातीला लाव आणि खाली जोर दे. कळ गेली की सोड. मध्ये जोर द्यायचा नाही."

आता मला करायला काहीतरी होतं. आतापर्यंत कळा माझ्यावर येऊन जात होत्या. आता मी त्यांच्यासोबत ढकलत होते. त्यात दुखणं कमी नव्हतं, पण वेगळं होतं. एक कळ, दोनतीन जोर, मग विश्रांती. त्या एवढ्याशा विश्रांतीत मला चक्क डुलकी लागायची.

तासाच्या वर वेळ गेला असेल. "केस दिसून राहिले," सिस्टर म्हणायच्या, आणि कळ गेली की डोकं परत आत. मी रडकुंडीला आले. "असंच असतं," डॉक्टर म्हणाल्या, "दोन पावलं पुढं, एक मागं. खालची जागा हळूहळू ताणली जाते त्याने." मध्येच एका जोरानंतर यंत्रातले ठोके संथ झाले. मला पुन्हा कुशीवर वळवलं, खोल श्वास घ्यायला लावला. ठोके हळूहळू पूर्वपदावर आले. सिस्टरने यंत्र पोटावरून काढलंच नाही मग.

शेवटी असं वाटलं की खाली जाळ लागलाय. मी जोर देणार तोच डॉक्टरांनी आवाज चढवला. "थांब. आता जोर नको. धापा टाक फक्त." त्यांचा एक हात बाळाच्या डोक्यावर होता, ते एकदम सुटू नये म्हणून, आणि दुसऱ्या हाताने खालची कातडी सावरून धरलेली. मी कुत्र्यासारखी धापा टाकत होते. डोकं बाहेर आलं. "मानेला नाळेचा एक वेढा आहे, सैल आहे," असं म्हणत त्यांनी तो बोटाने डोक्यावरून काढला. पुढच्या कळेला खांदे निघाले आणि मग सगळं एकदम सळकन बाहेर आलं.

मुलगी होती. क्षणभर काही आवाज नाही. सिस्टरने तिला माझ्या पोटावर ठेवून फडक्याने पुसलं, पाठ चोळली, आणि ती रडली. ओली, गरम आणि अपेक्षेपेक्षा जड. त्यांनी माझ्या मांडीत एक इंजेक्शन दिलं. नाळेतली धडधड थांबेपर्यंत डॉक्टर थांबल्या, मग चिमटे लावून नाळ कापली. दार किंचित उघडून कुणीतरी बाहेर सांगितलं. नवऱ्याचा आवाज आला, तो फोनवर कुणाला तरी "पोरगी, पोरगी" म्हणत होता.

माझा व्हिडिओ इथं संपायला हवा होता.

"आई, बघ ना," मी म्हटलं.

आईने बाळाकडे बघितलंच नाही. ती पलंगाच्या पायथ्याशी सरकली होती आणि डॉक्टरांच्या हातांकडे बघत होती.

"मॅडम, वार पडली का?"

"अजून नाही. येईल."

वार, म्हणजे आतून बाळाला पोसणारी ती गादी, बाळामागून पडावी लागते हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. थोडा वेळ गेला. बाळ छातीवर तोंड हलवून काहीतरी शोधत होतं. मी तिच्या कानांमागची लव बघत होते.

"पडली का?" आई पुन्हा म्हणाली.

"मावशी, वार सुटायचं इंजेक्शन दिलंय. वेळ लागतो थोडा."

बाहेर लोंबणाऱ्या नाळेला एक चिमटा होता. तो नीट लावायला सिस्टरने हात पुढे केला आणि आईने झटकन त्यांचं मनगट धरलं.

"ओढू नका."

"मावशी, हात सोडा."

"ओढू नका म्हणते नं मी. तिले हात लावू नका."

डॉक्टर म्हणाल्या, "असं केलं तर तुम्हाला बाहेर थांबावं लागेल."

"मी नाही जाणार," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "माह्या बहिणीची ओढली होती. दाईनं. मी कंदील धरून उभी होती. पोरगं झालं, सगळे खुश झाले, अन् वार काही पडेना. मग तिनं नाळ हाताले गुंडाळली अन् ओढली. मंग रक्त थांबलंच नाही."

मला मावशी होती हे मला माहीत होतं. ती तापाने गेली असं घरात सांगत.

सिस्टरने दुसऱ्या हाताने आईची बोटं एकेक करून सोडवली. डॉक्टरांनी आईला बाहेर काढलं नाही. त्या म्हणाल्या, "सिस्टर, मावशींचा हात तिच्या पोटावर ठेवा. बेंबीपाशी. मावशी, नुसता ठेवा, दाबू नका. काय लागतं?"

"मऊ आहे. पसरट."

"वार अजून आतल्या भिंतीला धरून आहे. ती सुटली की पिशवी गोळ्यासारखी कडक होईल, वर सरकेल. थोडं रक्त येईल आणि नाळ आपोआप लांब होईल. हे सगळं दिसेपर्यंत मी ओढणार नाही. तुमच्या बहिणीची सुटायच्या आधी ओढली होती."

आई हात तिथंच ठेवून उभी राहिली.

आम्ही वाट बघत बसलो. मला वाटलं होतं ही वाट दोन मिनिटांची असेल. डॉक्टर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागल्या. त्यांनी माझ्या हाताला सलाईन लावायला सांगितलं, आणि मग सिस्टरला हळू म्हणाल्या, "अर्ध्या तासात नाही आली तर ऑपरेशन थिएटरमध्ये घेऊ. भूल देऊन हाताने काढावी लागेल." त्या हळू बोलल्या, पण छोट्या खोलीत हळू असं काही नसतं. मी बाळाला घट्ट धरलं. मला एकाएकी असं वाटलं की हिला आत्ताच नीट बघून घ्यावं. तिच्या भुवया, तिची मिटलेली मूठ. मला मरायचं नव्हतं. इतका साधा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता.

सिस्टर माझं ओटीपोट बघत होत्या. "लघवीले कधी गेली होती वं तू?"

मला आठवेना. दुपारी कधीतरी. पाणी तर दिवसभर पीत होते.

"मॅडम, हे बघा. मूत्राशय भरलंय."

डॉक्टरांनी बोटाने दाबून पाहिलं आणि मान हलवली. नळी घालून लघवी काढली. भांडं बरंच भरलं. "भरलेलं मूत्राशय वाटेत आलं की पिशवीला नीट आवळता येत नाही," डॉक्टर आईला म्हणाल्या. "बघू आता."

बाळाचं तोंड तोवर स्तनाला लागलं होतं. दोनतीन वेळा सुटलं आणि मग तिने धरलं. जरा वेळाने पोटात ओळखीचं आवळणं आलं, कळेसारखंच पण लहान.

"कडक झालं," आई म्हणाली. सगळ्यांच्या आधी. "मॅडम, वर आली. गोळा लागून राहिला."

त्याच वेळी गरम रक्ताचा एक लोट मला जाणवला. आईचा चेहरा पांढरा पडला.

"हे यायचंच होतं, मावशी. आणि नाळ बघा, लांब झाली." डॉक्टरांनी एक हात माझ्या ओटीपोटावर, हाडाच्या जरा वर ठेवून पिशवी वरच्या बाजूला धरून ठेवली आणि दुसऱ्या हाताने नाळ हलकेच, एकसारखी खाली घेतली. "हळू जोर दे एकदा." मी दिला. हाडं नसलेलं, मऊ, गरम असं काहीतरी माझ्यातून घसरत गेलं. दुखलं नाही.

"पडली," डॉक्टर म्हणाल्या.

आईने हात काढला नाही. सिस्टरने तिचा हात बाजूला करून माझं पोट चोळायला सुरुवात केली, पिशवी आवळलेली राहावी म्हणून. ते मात्र चांगलंच दुखलं. डॉक्टरांनी वार ट्रेमध्ये पसरली, उलटी केली, तुकडे एकमेकांना जुळतात का ते बोटांनी बघितलं, पडदाही उचलून बघितला. आई त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"पूर्ण आहे. आत काही राहिलं नाही."

"नक्की?"

"नक्की. रक्तही बेतानं आहे. दोन टाके घालते आणि दोन तास इथंच ठेवते तिला, लक्ष ठेवायला."

आई तिथंच खाली बसली, पलंगाच्या पायाला पाठ टेकून. सिस्टरने तिला पाणी दिलं. ती प्यायली आणि मग उठून पहिल्यांदा नातीकडे बघितलं. फार वेळ बघितलं. "नाक तुह्या सासूवर गेलं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात मी तिला मावशीबद्दल विचारलं. आई माझ्या पलंगावर बसून दुपटी घड्या करत होती. मावशी अठराएकोणीस वर्षांची होती, ती म्हणाली. तिची पहिलीच खेप. आई तेव्हा शाळेत जायची. घरात एकच कंदील होता आणि तो धरायला कुणी मोठं मोकळं नव्हतं, म्हणून तिला आत घेतलं होतं.

"मग मला ताप म्हणून काहून सांगितलं?"

"तुले बाळंत व्हायचं होतं नं कधीतरी," आई म्हणाली. "भीती एकीलेच पुरे."

"अन् तो मुलगा?"

"त्याच्या बापानं नेला. आम्ही मंग नाही पाहिला."

ती घड्या करत राहिली. बाळ रडायला लागलं तसा नवरा, जो दाराशी माझ्या सासूबाईंशी फोनवर बोलत होता, घाईने आत आला आणि काय करावं ते न सुचून नुसता उभा राहिला. आईने बाळ उचलून त्याच्या हातांत दिलं. मानेखाली हात कसा धरायचा ते दाखवलं, तो जरा सैल पडला तशी पुन्हा दाखवलं, आणि मग माझ्यासाठी चहा आणायला खाली गेली.